गर्भाशयाच्या भिंतीतला रक्तस्राव

अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेरच्या स्नायूच्या भिंतीत शिरून वाढतात. पाळीच्या वेळी त्यांतूनही रक्त येऊ शकते, पण भिंतीत अडकलेल्या त्या रक्ताला वाट नसते. म्हणून स्नायू सुजतो, दुखतो आणि अंगावरून फार जाते.

चाळिशीतली, दोन बाळंतपणे झालेली स्त्री घ्या. पाळी दरवर्षी जड होत जाते, तासाला पॅड बदलावा लागतो, ओटीपोट पिळवटते. तपासताना गर्भाशय सगळीकडून सारखेच फुगलेले, मऊसर लागते आणि दाबल्यावर दुखते. आकार सहसा तीन महिन्यांच्या गर्भाएवढ्यापुढे जात नाही.

फायब्रॉइड म्हणजे स्नायूचीच घट्ट, वेगळी गाठ. तिने गर्भाशय उंचसखल होते, पण ते सहसा दुखरे नसते. पेरूतल्या बीसारखी ती गाठ सोडवून काढता येते. अ‍ॅडिनोमायोसिसला मात्र अशी कडच नसते. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे साध्या सोनोग्राफीत गल्लत होते. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय अधिक स्पष्ट सांगते.

हार्मोन सोडणारी तांबी बसवल्यास रक्तस्राव बराच घटतो. कायमचा इलाज गर्भाशय काढणे हाच. मात्र रजोनिवृत्तीनंतर त्रास बहुधा आपोआप शमतो, हे निर्णयाआधी रुग्णेला सांगायलाच हवे.