स्वप्नविचार (लेखांक ७) : स्वप्नातले आपलेच मरण

स्वप्नात स्वतःचे मरण दिसले तर आयुष्य वाढते, असे जुनी माणसे सांगतात. तरीही ते स्वप्न पहाटे पडले तर घरात काळजी शिरते, कारण पहाटेचे स्वप्न खरे होते अशी दुसरी समजूत आहे. पहाटेच्या स्वप्नाचे कारण मात्र झोपेतच सापडते. ठळक स्वप्ने बहुतेक डोळ्यांची वेगवान हालचाल होणाऱ्या झोपेत पडतात. ही झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा काळ लांबतो. त्यातूनच जाग आली की स्वप्न लख्ख आठवते. लख्ख आठवणे म्हणजे खरे होणे नव्हे.

अशा स्वप्नाचे साहित्य जागेपणीच्या चिंतांतून येते. वेल्ह्याच्या डोंगराकडच्या एका मुलीचे लग्न भोरमध्ये ठरले आहे आणि आठवडा उरला आहे, असे समजू. स्वप्नात तिला ओसरीवर आपलाच देह दिसतो, हातात हिरवा चुडा आहे. बायका रडत आहेत. ती स्वतः दारात उभी राहून हाका मारते, पण कोणी वळून बघत नाही. स्वप्न इथे मरणाबरोबर थांबलेले नाही. मेलेली ती आणि पाहणारीही तीच, आणि या प्रकारच्या स्वप्नांत असे पुष्कळदा घडते. बऱ्याच मराठी घरांत लग्नात ताटातल्या तांदळांवर मुलीचे नवे नाव लिहितात. जुन्या नावाने हाक मारणारे घर मागे राहते. जे संपत आहे ते तिचे लेकपण आहे. झोपेतल्या मेंदूकडे या निरोपासाठी शब्द नाहीत, म्हणून तो त्याला ठाऊक असलेले सर्वांत मोठ्या निरोपाचे चित्र उचलतो.

मृत्यूचा असा अर्थ कार्ल युंग यांच्या परंपरेत रूढ झाला. तो अर्थ लावण्याचा एक मार्ग आहे, प्रयोगाने सिद्ध झालेला नियम नव्हे. त्याहून जुनी आणि मोलाची सावधगिरी चरकसंहितेत आहे. तिथे स्वप्नांचे सात प्रकार सांगून पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले हे पाच निष्फळ ठरवले आहेत. वरच्या मुलीचे स्वप्न याच पाचांत मोडते.

म्हणून अर्थ लावताना आधी गेल्या आठ-दहा दिवसांत काय सुटले किंवा सुटणार आहे ते आठवावे, मग जाग आल्यावर भीती होती, दुःख होते की हलके वाटले ते पाहावे. उत्तर बहुधा त्यातच मिळते.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. श्वास कोंडून मरण्याचे स्वप्न वारंवार पडत असेल आणि घरचे सांगत असतील की घोरता घोरता श्वास थांबतो, तर झोपेतील श्वसनाची तपासणी करावी. झोपेत हातपाय झाडून स्वप्न प्रत्यक्ष केले जात असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. आणि जागेपणीही मरावेसे वाटत असेल, तर स्वप्नाचा अर्थ शोधत बसू नये. त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो.