"पगार योग्यतेनुसार" म्हणजे नेमका किती?

मानकोली नाक्यावर उतरून गोदामांच्या गल्लीत शिरले की फाटकाफाटकांवर कागद चिकटवलेले दिसतात. "पाहिजेत : बिलिंग क्लार्क, पॅकर, चेकर. पगार योग्यतेनुसार." आपल्या वस्तीतील मुलं-मुली हेच कागद वाचून आत जातात, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "आधी किती मिळत होता?" ज्याला आधी कमी मिळाला, त्याला इथेही कमीच मिळतो. कागदावर आकडा नसला की मालकाचा आकडा ठरतो तो समोरच्याची गरज पाहून.

मागच्या वर्षी एका वाहतूक-गोदाम कार्यालयाच्या शेठनी मला जाहिरातीचा मसुदा करायला बोलावले. हिशेबाची कामे मी अधूनमधून करून देतो, म्हणून ओळख. जागा एकच होती, डिस्पॅच क्लार्कची. मी म्हटले, "शेठ, पगाराची किमान आणि कमाल रक्कम लिहूया." शेठ हसले. "भाऊ, कमाल लिहिली की सगळे कमालच मागतील."

ही भीती खोटी नाही. पण ती तेव्हाच खरी ठरते, जेव्हा दोन आकड्यांमधल्या अंतराला काही कारण नसते. म्हणून आम्ही आधी कारणे लिहून काढली, आकडे नंतर.

खालचा आकडा म्हणजे बारावी झालेला, संगणकावर टंकलेखन येणारा, पण गोदामाचे काम नवीन असलेला माणूस. त्याचे 16,000 ठरले. हा आकडा शासनाने त्या कामासाठी व त्या परिमंडळासाठी ठरवलेल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलैत बदलतो, म्हणून जुना कागद पाहून चालत नाही. (किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना एप्रिल 1946 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले, तो कायदा 1948 साली झाला.) त्यावर गोदामातील अनुभवाला दर वर्षी 500, तीन वर्षांपर्यंत. ई-वे बिल स्वतः काढता येत असेल तर 1,000. टॅली येत असेल तर 1,000. आणि एक पाळी एकट्याने सांभाळून, माल कमी भरला तर उत्तर देण्याची जबाबदारी घेणार असेल तर 1,500. सगळे मिळून 5,000. म्हणून वरचा आकडा 21,000. हवेतून काही आणले नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना पगाराचे दोन आकडे माहीत आहेत ते सरकारी जाहिरातीतून. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी एस-6 आहे, 19,900 ते 63,200. त्यात नवा माणूस 19,900 वरच लागतो. वर भत्ते मिळतात आणि वरचा आकडा वर्षानुवर्षांच्या वेतनवाढींनी गाठायचा असतो. तिथे मुलाखतीत पगाराची बोलणी होत नाहीत. खासगी जाहिरातीतील "16,000 ते 21,000" मात्र रुजू होण्याच्या दिवसाचा पगार सांगते, आणि आपण त्यात कुठे बसतो हे विचारण्याचा हक्क उमेदवाराला असतो. सरकारी सवयीने मुले गप्प राहतात आणि खालच्या आकड्यावर सही करतात.

दुसरा घोटाळा "कोणता पगार" याचा. 18,000 एकूण पगार असेल आणि त्यात मूळ वेतन व विशेष भत्ता 15,000 असेल, तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात, राज्य विम्याचे सुमारे सव्वाशे. पुरुष असेल तर व्यवसाय कराचे 200 आणखी जातात. 25,000 पर्यंत पगाराच्या स्त्रीला तो कर नाही. हाती येतात साधारण सोळा हजार. उलट मालकाला निधी व विम्याचा स्वतःचा हिस्सा धरून तीच जागा वीस हजारांच्या वर पडते. म्हणजे एकाच नोकरीचा कोणी 16 सांगेल, कोणी 18, कोणी 20, आणि तिघेही खोटे बोलत नसतील. म्हणून आम्ही लिहिले, "एकूण मासिक पगार, कपातीपूर्वी, ओव्हरटाइम व बोनस सोडून." ओव्हरटाइम धरून वरचा आकडा फुगवलेल्या जाहिराती नाक्यावर कमी नाहीत.

आणि तेव्हा कळले की शेठची खरी अडचण नवीन माणूस नव्हतीच. त्यांच्याकडे पाच वर्षे काम करणारा एक जुना क्लार्क होता, 15,500 वर. जाहिरात फाटकावर लागली की सगळ्यांत आधी तोच वाचणार. आमच्याच मापाने त्याचा हिशेब केला : 16,000, अनुभवाचे 1,500, ई-वे बिलाचे 1,000, पाळीचे 1,500. वीस हजार. नव्याला काम शिकवणारा माणूस नव्याच्या किमान पगाराहूनही खाली! शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदम जमणार नाही." ठरले की जाहिरातीआधी त्याला 18,000 करायचे आणि दिवाळीपासून 20,000. हे न करता कागद लावला असता तर नवीन माणूस आला असता आणि जुना गेला असता. पगार छापायचा असेल त्याने आधी घरातली वही तपासावी.

पुलावरून डोंबिवलीहून आलेली एक मुलगी निवडली गेली. बी. कॉम., दुसऱ्या गोदामात दोन वर्षे, 12,500 वर. तिचा आधीचा पगार आम्ही विचारलाच नव्हता, तो तिने नंतर सांगितला. नेमणूकपत्राखाली चार ओळी लिहिल्या : "सुरुवात 16,000. अनुभव दोन वर्षे 1,000. ई-वे बिल येते 1,000. टॅली येत नाही, पाळीची जबाबदारी सध्या नाही. एकूण 18,000. टॅलीची चाचणी सहा महिन्यांनी, उत्तीर्ण झाल्यास 1,000 वाढ." तिने विचारले, "काका, चाचणी कोण घेणार?" प्रश्न बरोबर होता. आम्ही लिहायला विसरलो होतो. मग लेखापालाचे पदनाम व महिना घातला.

दुसरा एक उमेदवार चार वर्षांच्या अनुभवाचा, टॅली आणि ई-वे बिल दोन्ही येणारा. त्याचे 19,500 होत होते, तो 21,000 वर अडला. पाळीची जबाबदारी घेणार का, विचारले. रात्री थांबणे जमणार नव्हते. तो नाराज होऊन गेला, पण कशासाठी दीड हजार कमी हे त्याला कळले होते.

या पद्धतीने सगळे मोजता येत नाही, हेही खरे. गोदामातल्या माणसांशी नीट बोलणे, पावसात माल झाकायला धावणे, याला आमच्या कागदात रकाना नव्हता. आणि शेठचा भाचा उद्या आला तर कागद टिकेल की नाही, हे शेठनाच ठाऊक!

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून मालकाला जाहिरातीत पगाराची मर्यादा द्यावीच लागते. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात तर उमेदवाराला मुलाखतीआधी पगार सांगणे आणि आधीचा पगार न विचारणे, दोन्ही आहेत. तो आपापल्या कायद्यात आणण्यासाठी सदस्य देशांना जून 2026 पर्यंतची मुदत होती. आपल्याकडे जाहिरातीत पगार छापण्याचे असे बंधन खासगी मालकावर नाही. तेव्हा फाटकावर "योग्यतेनुसार" दिसले, तर आत जाऊन एवढेच विचारावे : या जागेचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, कपातीपूर्वी की नंतर, आणि माझा आकडा कोणत्या गोष्टी धरून काढला? उत्तर कागदावर मागावे. "नंतर बघू" म्हणाले, तर सहीही नंतरच करावी.

दिवाळीनंतर त्या जुन्या क्लार्कची पगाराची पावती मी मुद्दाम पाहिली. वीस हजार होते. टॅलीचा रकाना मात्र अजून रिकामा आहे, आणि संध्याकाळी ती मुलगी व तो दोघे मिळून शिकतात.