पहिल्या मजल्यावरची बादली

गृहनिर्माण सोसायट्यांना सोलर वॉटर हीटर विकणाऱ्या नव्या कंपनीचा तरुण लिफ्टमध्ये सेक्रेटरींना गाठतो. हातात जेमतेम मिनिटभर असतं. बहुतेक जण तेव्हा वीजबचतीचं बोलतात आणि तिथेच फसतात, कारण पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या गच्चीवर सोलर आधीच असतो आणि खाली प्रत्येक घरात गिझरही चालू असतो. सेक्रेटरींच्या मनात एकच प्रश्न असतो: पहिल्या मजल्यावर गरम पाणी यायला किती वेळ लागतो?

सहा मजले, चोवीस फ्लॅट अशी इमारत घेऊ. गच्चीतल्या टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत आडवा-उभा मिळून अठ्ठावीस मीटर पाइप होतो. एक इंची पाइपमध्ये मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रभर गार झालेलं चौदा लिटर पाणी आधी नळातून यायचं, मग गरम. जवळजवळ एक बादली! पहाटे सगळ्यात आधी उठणाऱ्या आजी ती ओतून देतात आणि चार दिवसांनी गिझरचं बटण दाबतात. सोलर बिघडलेला नसतो, तरी तो वापरातून जातो.

म्हणून माझ्या मते बोलणं असं असावं: "काका, तुमच्याकडे पहिल्या मजल्यावर रोज बादलीभर पाणी वाया जातं. आम्ही खालून गच्चीपर्यंत परतीचा पाइप टाकतो. पहाटे साडेपाचला छोटा पंप सुरू होतो आणि पाइपमधलं गार पाणी टाकीत परत नेतो. नळ उघडल्यावर दोन लिटरच्या आत गरम पाणी आलं नाही, तर शेवटचा हप्ता देऊ नका. रविवारी बादली आणि घड्याळ घेऊन येऊ का?"

यातली शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण ती कुणालाही मोजून पाहता येते.

बचतीचा हिशेब नंतर, मीटिंगमध्ये. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला सुमारे चार युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरले तर दिवसाला चाळीस. पण उन्हाळ्यात गरम पाणी कमी लागतं आणि पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा गिझर ठेवावाच लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं. पंप दिवसभर चालू ठेवला, तर पाइपमधूनच उष्णता निघून जाते. म्हणून टायमर हवा आणि पाइपवर उष्णतारोधक आवरणही.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल, तर सौदा करण्याआधी त्याची क्षारता तपासायला हवी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमलेला दिसला, की तोच थर सोलरच्या नळ्यांतही बसणार. मग वर्षाला एकदा सफाई लागते आणि तिचा खर्च मेंटेनन्समध्ये कुणाच्या नावे पडणार, हे करारात लिहून घ्यावं लागतं.