फोटोतला आलेख वाचताना

व्हॉट्सॲपवर आलेला वेग-काल आलेखाचा फोटो बहुधा तिरका असतो. कागदावरचे सारखे चौकोन फोटोत जवळ मोठे, लांब लहान दिसतात. म्हणून स्क्रीनवर पट्टी लावू नये, चौकोन मोजावेत. आलेखाची रेघ जिथे वळते, तिथून आधी खाली, मग डावीकडे छापील रेघांच्याच आधाराने अक्षापर्यंत यावे.

समजा, आडवा एक चौकोन 2 सेकंदांचा आणि उभा एक 3 मीटर प्रति सेकंदाचा आहे. रेघ शून्यातून निघून 4 सेकंदांत 12 वर जाते, 10 सेकंदांपर्यंत सपाट राहते आणि 16 व्या सेकंदाला उणे 6 वर उतरते. त्वरण म्हणजे रेघेचा चढ: पहिल्या टप्प्यात 12 भागिले 4, म्हणजे 3 मीटर प्रति सेकंद वर्ग; मधल्यात शून्य; शेवटच्यात वेग 6 सेकंदांत 18 ने घटतो, म्हणून उणे 3.

विस्थापन म्हणजे रेघ आणि काळाचा अक्ष यांमधले क्षेत्रफळ. पहिला त्रिकोण 24 मीटर, आयत 72. खरी गफलत पुढेच होते. उतरती रेघ 14 व्या सेकंदाला अक्ष ओलांडते, तेव्हा तिथेच टप्पा तोडावा: आधी 24, मग उणे 6. एकूण विस्थापन 114 मीटर, कापलेले अंतर मात्र 126. दोन्ही आकडे सारखे आले, तर अक्षाखालचा त्रिकोण नक्कीच चुकला आहे.

शिखर अर्धा चौकोन वर वाचले गेले, तर पहिले त्वरण 3 ऐवजी जवळजवळ 3.4 येते.