मुलांच्या हातचा नाताळ गोठा

वसईच्या गावागावांत डिसेंबर लागला की तरुण मंडळी मोठमोठे गोठे उभारतात आणि नाताळात ते पाहायला लोक रात्री उशिरापर्यंत हिंडतात. घरातला गोठा मात्र बहुतेक ठिकाणी तयार आणला जातो. बाजारातून संच घ्यायचा आणि चोवीस तारखेला सगळ्या मूर्ती एकदम मांडून टाकायच्या. यात मुलांना करायला काही उरत नाही आणि गोष्टही हरवते. गोठ्यातलं प्रत्येक पात्र आपापल्या वेळी येतं. म्हणूनच गोठा एका दिवसाचं काम नसून डिसेंबरच्या सुरुवातीपासून सहा जानेवारीपर्यंत हळूहळू घडणारी गोष्ट आहे.

त्यासाठी लागतं ते थोडंच. किराणा दुकानातून मिळणारं साधारण चाळीस सेंटिमीटर लांबीचं खोकं, दीड किलो शाडू माती, खाकी कागद, मैद्याची खळ, मूठभर पेंढा, काड्यापेटीतल्या काड्या, सुतळी, कापूस, पोस्टर रंग आणि वाटीभर नाचणी.

सुरुवात मूर्तींपासून करा, कारण वाळायला वेळ त्यांनाच लागतो. आधी माप ठरवा. उभा योसेफ दहा सेंटिमीटर, बसलेली मरिया सात, बाळ तीन. एवढं ठरलं की बाकीच्यांचा अंदाज मुलांना आपोआप येतो. नाहीतर मेंढी बैलाएवढी होते.

*चित्र १ : मातीचा शंकू म्हणजे अंग, गोळी म्हणजे डोकं. दोन्हींच्या मध्ये अर्धी काडी खोचा आणि सांध्यावर पातळ माती लावा.*

काडीशिवाय चिकटवलेलं डोकं वाळल्यावर हमखास गळून पडतं. हात वेगळे लोंबते करू नका, अंगालाच चिकटलेले ठेवा. बैल आणि गाढव बसलेलेच करा, कारण ओल्या मातीचे चार बारीक पाय अंगाचं वजन पेलत नाहीत. मूर्ती उन्हात ठेवल्या तर बाहेरची माती आधी आकसते, आतली ओली राहते आणि तडे जातात. सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. रंग फिका पडला आणि तळ गालाला गार लागला नाही की मूर्ती वाळली असं समजा. रंग घट्टच हवा, पाणी जास्त झालं तर शाडू पुन्हा मऊ पडते.

आता ही मंडळी कोण, ते मुलांना माती मळतानाच सांगावं. लूकच्या शुभवर्तमानात मरियेने बाळाला गव्हाणीत निजवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. त्यामुळे गोठ्याच्या मधोमध येते ती गव्हाण, जनावरांच्या वैरणीची. मरियेला परंपरेने निळं वस्त्र देतात. योसेफाच्या हातात काठी किंवा कंदील असतो, कारण तो या कुटुंबाचा रखवालदार. बैल आणि गाढव मात्र जन्मकथेत कुठेच नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माणसांना मात्र आपला देव कळत नाही, असा तिथला आशय आहे. म्हणून ही दोन जनावरं गव्हाणीच्या अगदी जवळ, बाळाकडे तोंड करून बसवायची. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळची रात्र साजरी केली, तेव्हाही त्यांनी आणवलं होतं ते खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव.

*चित्र २ : खोकं आडवं ठेवून पुढची बाजू मोकळी ठेवा. खाकी कागद चुरगाळून, खळीत बुडवून बाहेरून चिकटवा. वाळला की खडकासारखा कडक होतो.*

बेथलेहेमच्या परिसरात जनावरं गुहेत बांधत, म्हणून खडकाचा गोठा चुकीचा नाही. पण आपल्याकडच्या मुलांनी पेंढ्याचं छप्पर केलं तरी मला ते तितकंच आवडतं. कोनाडा योसेफाच्या दीडपट तरी उंच हवा, नाहीतर डोकी छताला टेकतात. उजेडासाठी सेलवर चालणारी छोटी एलईडी माळ आतून लावा. पेंढा आणि कागद असल्यामुळे मेणबत्ती किंवा पणती आत नकोच.

हिरवळीसाठी नाचणी सगळ्यात चांगली. गहू आठ-दहा दिवसांत मूर्तींच्या उंचीचा होतो आणि योसेफ रानात हरवतो. नाचणीचं गवत बारीक आणि मऊ येतं. रात्रभर भिजवा, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणा आणि चौदा डिसेंबरच्या सुमारास पसरट झाकणांत, दोन बोटं मातीवर पेरा.

*चित्र ३ : झाकणं गोठ्याच्या पुढे मांडा, मधली जागा कोरड्या मातीने भरा. पाणी चमच्याने फक्त झाकणांत घाला.*

माती सरळ खोक्याभोवती पसरून पाणी शिंपडलं तर पुठ्ठा ओल ओढून खचतो आणि शाडूच्या मूर्ती तळापासून विरघळतात. मुलांच्या गोठ्याचा नाश बहुधा असाच होतो. हे गवत जानेवारी उजाडेपर्यंत पिवळं पडतं, म्हणून पंचवीस तारखेला दुसरी झाकणं पेरून ठेवा.

मांडणी सुरू करताना आधी फक्त बैल, गाढव आणि रिकामी गव्हाण ठेवा. आगमनकाळात मुलाने दिवसभरात कुणाला मदत केली असेल, तर संध्याकाळी पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, अशी जुनी रीत आहे. बाळाचा बिछाना असा तयार होतो. मरिया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या खोलीतून निघतात, रोज थोडं सरकत चोवीस तारखेच्या संध्याकाळी गोठ्यात पोहोचतात.

*चित्र ४ : बाळ चोवीसच्या रात्रीच गव्हाणीत येतं. घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून ठेवा.*

त्याच रात्री पुठ्ठ्याचा देवदूत दोऱ्याने छताला टांगायचा आणि मेंढपाळ आणायचे. मेंढपाळांचा अर्थ मुलांना नीट सांगायला हवा. ती रानात राहणारी गरीब माणसं होती, रात्रपाळीला जागत होती, आणि बातमी राजवाड्याआधी त्यांना कळली. त्यांच्यामागून आपल्या गावची माणसं आली तरी चालतात. नेपल्सच्या गोठ्यांत पाववाले, मासेवाले असतात. वसईच्या मुलाने रहाट, केळीवाला आणि टोपलीवाली कोळीण केली, तर ती त्याच परंपरेतली आहेत.

*चित्र ५ : तीन राजे पंचवीस तारखेला पूर्वेकडच्या खिडकीत. तिथून रोज एक वीत पुढे.*

मत्तयच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत, ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी आहेत. ते किती होते, हेही तिथे दिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन मानली गेली. सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाला, कारण तो प्रेताला लावत. तान्ह्या बाळाला मरणाची भेट का, असं मुलं विचारतात. तेव्हा क्रुसाची गोष्ट टाळू नका, ती इथूनच सुरू होते. एक म्हातारा, एक मध्यमवयीन आणि एक तरुण, त्यांतला एक काळा, असे हे तिघे रंगवतात. सगळ्या वयांची आणि देशांची माणसं त्यांच्यात आली. ते सहा जानेवारीला गोठ्यात पोहोचतात. गोव्यात रेईश मागुशला याच दिवशी तीन राजांचं फेस्त होतं आणि मुलं राजांच्या वेशात घोड्यांवरून येतात.

त्यानंतरच्या रविवारपर्यंत गोठा ठेवा, मग मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा. पावसाळ्यात शाडू ओल धरते, म्हणून डब्याचं झाकण घट्ट हवं.