तांदळाच्या डब्यातलं सोनं

डोंबिवलीतलं एक जोडपं. गणपतीला पाच दिवस देवरुखला गेलेलं, परत आलं तेव्हा फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी विमा सर्व्हेअर म्हणून तिसऱ्या दिवशी तिथे पोचलो. काकूंनी चहा ठेवला आणि डोळे पुसता पुसता एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगितली. ‘‘कपाटातलं नेलं मेल्यांनी, पण तांदळाच्या डब्यात ठेवलेलं हाती लागलं नाही त्यांच्या. गोठ, पाटल्या, सगळं शाबूत आहे.’’ डबा उघडून, तांदळात हात घालून त्यांनी मला दाखवलंही.

मी ते लिहून घेतलं. त्या डब्यामुळे त्यांची भरपाई अर्धी होणार होती, हे त्या क्षणी सांगायचा मला धीर झाला नाही.

पण हिशेबाआधी दाराकडे जाऊ, कारण दावा आधी दारात अडतो. या घराच्या चौकटीतला कोयंडा स्क्रूंसकट उपटला होता. लाकडाच्या ढलप्या उंबऱ्यावर पडलेल्या आणि कडीच्या वरच्या बाजूला कटावणीच्या सपाट टोकाचे दोन खोल दाब. कुलूप कडीतच लटकत होतं, न उघडलेलं. सर्व्हेअरला याहून बोलका पुरावा लागत नाही. काकांनी शहाणपणा असा केला की तुटका कोयंडा आणि वाकलेले स्क्रू पिशवीत घालून ठेवले, सुतार बोलावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले आणि सुताराच्या बिलावर ‘तुटलेला कोयंडा व चौकट बदलली’ असं लिहून घेतलं. बरेच लोक घाबरून त्याच संध्याकाळी नवं दार बसवतात आणि जुनं भंगारात देतात. त्यांचं चुकतं असंही नाही, रात्र तर काढायची असते. पण मग माझ्याकडे तपासायला उरतं ते फक्त ताज्या पॉलिशचा वास असलेलं नवं दार.

अवघड प्रकरणं वेगळी असतात. दार ओढलं की आपोआप लागणारं लॅच फटीतून पातळ पट्टी सरकवून उघडता येतं आणि बाहेर ओरखडाही राहत नाही. डुप्लिकेट किल्लीनं उघडलं तर तेवढंही नाही. आतलं कपाट फोडलेलं असलं तरी त्यावरून चोर घरात जबरदस्तीनं शिरला हे ठरत नाही. कपाट घरातला माणूसही फोडू शकतो. इथे कायदा आणि पॉलिसी यांच्या वाटा वेगळ्या होतात. फौजदारी कायद्यात घरफोडीची व्याख्या रुंद आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये, आत शिरण्यासाठी कुलूप उघडणं हीसुद्धा घरफोडीच आहे, मग ते किल्लीनं उघडलेलं का असेना. कित्येक पॉलिसींची व्याख्या मात्र अरुंद असते: बळानं, मोडतोड करून आत शिरणं किंवा बाहेर पडणं, आणि त्याची दिसणारी खूण. पोलिसांच्या कागदावर घरफोडी असलेला गुन्हा विम्याच्या कागदावर साधी चोरी ठरू शकतो.

याच मुद्द्यावर ‘युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2004 मध्ये न्यायालयानं सांगितलं की पॉलिसीत घरफोडीचा जो अर्थ लिहिला आहे तोच लागू होईल. पॉलिसीला बळजबरीचा प्रवेश हवा असेल तर नुसती चोरी पुरेशी नाही. तो दावा गोदामातल्या मालाचा होता, पण आजही घरगुती दावे नाकारताना कंपन्या त्याचाच आधार घेतात. म्हणून पॉलिसी घेताना मी एकच ओळ शोधायला सांगतो: संरक्षण फक्त घरफोडीला आहे की ‘साध्या चोरीसह’ आहे? दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसी घरासाठी मिळतात. त्यांतही घरातल्या माणसानं किंवा नोकरानं केलेली चोरी पुष्कळदा वगळलेली असते, ते वाचून घ्यावं.

आणखी एक गैरसमज इथेच सांगून टाकतो. गृहकर्जाबरोबर बँकेनं घराचा विमा दिला की लोक चोरीची काळजी सोडून देतात. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी जी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली, ती आग, पूर, भूकंप, दंगल असल्या संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती फक्त अशा एखाद्या घटनेमुळे आणि घटनेनंतर सात दिवसांत झालेली. पूर आल्यावर रिकाम्या घरातून सामान गेलं तर चालेल. सुट्टीत कोयंडा तोडून नेलं तर नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

आता पोलीस. काकांनी त्याच रात्री ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवला. नुसता तक्रार अर्ज देऊन आणि त्यावर शिक्का घेऊन परत येणारे बरेच असतात. कंपनीला चालतो तो एफआयआर, आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. काकांच्या एफआयआरमध्ये ठाणे अंमलदारानं सवयीनं ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ असे शब्द घातले होते. सवय खरी, पण या चार शब्दांवर दावा उभा असतो. हेच ‘दरवाजा उघडून’ असं लिहिलं गेलं असतं तर मला पुढचे दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला असता. सही करण्याआधी फिर्याद वाचून घ्यायची ती एवढ्यासाठी. घटनास्थळाच्या पंचनाम्यातही कोयंड्याची अवस्था, ठसे, किती कपाटं उघडी होती, हे जसं दिसलं तसं यायला हवं.

दुसरी अडचण यादीची. त्या रात्री कुणाला नीट आठवत नाही. काकूंना पैठण्या दोन दिवसांनी आठवल्या. फिर्यादीत नसलेली वस्तू दाव्यात आली की कंपनीच्या भुवया वर जातात, आणि त्यात गैर काही नाही. उपाय सोपा आहे: लगेच ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्यायचा. काकूंनी तो चौथ्या दिवशी दिला. महिन्यानं दिला असता तर मीही प्रश्न विचारले असते. दागिन्यांपुढे ‘किंमत अंदाजे’ म्हणून काहीतरी जुना आकडा टाकण्याऐवजी वजन लिहून घ्यावं. वजनावरून भाव काढता येतो, अंदाजावरून वाद निघतो.

चोर सापडला नाही तर काय? महाराष्ट्रात पोलीस मग ‘अ’ समरी मागतात, म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. कंपनीला अखेरीस हा कागद हवा असतो आणि तो यायला महिनोन् महिने लागतात. तोवर पैसे अडवून धरायचे की हमीपत्र घेऊन द्यायचे हे कंपनी ठरवते. हमीपत्राची मागणी आपण लेखी करावी, आपणहून ते कुणी सुचवत नाही.

आता डब्याकडे. चोरीला गेलेलं सोनं होतं 24 ग्रॅम: मंगळसूत्र आणि कर्णफुलं. त्या दिवशीचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला 10,000 धरू, म्हणजे नुकसान 2,40,000. घडणावळ त्यांच्या पॉलिसीत नव्हती. दागिन्यांवर विमा होता 3,00,000 चा. काकांचा हिशेब सरळ होता: तीन लाखांचा विमा, दोन चाळीसची चोरी, तेव्हा दोन चाळीस मिळणार.

पण पॉलिसीत सरासरीचं कलम होतं. सगळ्या दागिन्यांचा मिळून एकच आकडा लिहिला असेल तर कंपनी विचारते, घटनेच्या दिवशी घरात असलेल्या सगळ्या सोन्याची किंमत किती? डब्यातलं 36 ग्रॅम धरून घरात सोनं होतं 60 ग्रॅम, म्हणजे 6,00,000 चं. विमा त्याच्या निम्म्याचा. तेव्हा उरलेल्या निम्म्याचा धोका मालकानं स्वतःकडे ठेवला असं मानलं जातं आणि प्रत्येक नुकसानीचं निम्मंच मिळतं. दोन चाळीसचे झाले एक वीस.

यात लबाडी कुणाची नव्हती. पॉलिसी पहिल्यांदा घेतली तेव्हा भाव ग्रॅमला 5,000 च्या आसपास होता आणि 60 ग्रॅमला 3,00,000 हा आकडा अगदी बरोबर होता. पुढे दरवर्षी नूतनीकरण झालं, आकडा तोच राहिला आणि सोनं वाढत गेलं. मूल्यांकनकाराचा दाखला देऊन दागिने एकेक करून, ठरलेल्या किमतीला यादीत घातले असते तर हे गणित लागलंच नसतं. डब्यातल्या गोठांचा मंगळसूत्राशी संबंध उरला नसता. अर्थात ठरलेली किंमतही जुनीच ठेवली तर तेवढीच मिळते.

बाकी सामानाला दुसरा नियम. लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी 60,000 ला घेतलेला. तसाच आज 50,000 ला मिळतो, आणि मी सुरुवात या आजच्या किमतीपासून करतो, बिलातल्या नाही. वर्षाला 20 टक्के घसारा धरला, राहिले 20,000. टीव्ही दोन वर्षांचा, आजची किंमत 30,000, घसारा वर्षाला 10 टक्के, म्हणजे 24,000. पैठण्यांचे वापर धरून 16,000. हे दर कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. वस्तू कशी वापरली हे पाहून सर्व्हेअर ठरवतो आणि त्यावर भांडता येतं. लॅपटॉपची बॅटरी गेल्याच वर्षी बदलली, असं बिल दाखवलं तर मी दर कमी करतो. ‘जुन्याच्या बदली नवं’ या अटीची पॉलिसी असती तर घसारा लागला नसता, हप्ता मात्र जास्त पडला असता.

तर हे झाले 60,000. पण घरातल्या सामानाचा विमा 4,00,000 चा आणि माझ्या मोजणीत सामान 5,00,000 चं निघालं. पुन्हा सरासरी, पाचाला चार, म्हणजे 48,000. दाराच्या दुरुस्तीचे 6,000 इमारतीच्या भागातून पूर्ण मिळाले. कपाटातली 22,000 रोकड पॉलिसीबाहेर होती. शेवटी 4,000 ची ठरलेली वजावट. मागणी होती 3,86,000 ची, माझ्या अहवालात आकडा आला 1,70,000.

काका चिडले. मी त्यांना अहवालाची प्रत मागायला सांगितलं, ती त्यांना मिळायला हवी. समाधान झालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. ते गेले नाहीत. सरासरीचं कलम त्यांनी स्वतः भिंग घेऊन वाचलं आणि पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारून ठेवली.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. पोलिसांनी दोघांना पकडलं होतं, सोनाराकडून एक लगड जप्त झाली होती आणि ओळख पटवायला बोलावणं आलं होतं. ‘‘ती आमची ठरली तर ठेवायची कुणी?’’ काकांनी विचारलं. पैसे घेताना सही केलेलं हमीपत्र काढून बघा, मी म्हटलं. कंपनीनं जेवढे पैसे दिले तेवढ्यापुरता तिचा हक्क त्या सोन्यावर आहे, तेव्हा कोर्टातून मुद्देमाल सोडवायचा अर्ज करण्याआधी तिला पत्रानं कळवा. मागून काकूंचा आवाज आला, ‘‘लगड ओळखायची तरी कशी हो, तीवर काय वाट्या राहिल्यात?’’