उपवासाचे मीठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवरात्रात किंवा महाशिवरात्रीस साबुदाण्याच्या खिचडीत आणि वरीच्या तांदळात साधे मीठ न घालता सैंधव, म्हणजेच शेंदेलोण, घालण्याचा रिवाज अनेक घरी आहे. आणि या रिवाजाच्या आधारे असा समज रूढ झाला आहे की, सैंधव हे रासायनिकदृष्ट्या अगदी निराळे लवण असून त्यात सोडियम अल्प, खनिजे विपुल आणि अपाय मुळीच नाही. व्रताचा नियम हा श्रद्धेचा विषय आहे, त्यासंबंधी रसायनशास्त्राला काही म्हणावयाचे नाही; परंतु त्या नियमाच्या समर्थनार्थ जे रासायनिक दावे पुढे केले जातात, त्यांची तपासणी रसायनशास्त्रानेच करावयास हवी.

सैंधव भूगर्भातून निघते म्हणून त्याचा समुद्राशी संबंध नाही, हा त्यांतील पहिला दावा. पश्चिम पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत, खेवड्याची जी प्रसिद्ध खाण आहे, तिच्यातील थर म्हणजे 50 कोटी वर्षांहूनही पूर्वी आटलेल्या एका समुद्राचाच अवशेष होय. पेण-उरणच्या मिठागरांत जे कार्य सूर्य आणि वारा काही आठवड्यांत करतात, तेच तेथे निसर्गाने प्राचीन काळी केले आणि त्यावर मातीचे व खडकाचे आच्छादन घातले. दोन्हींचा मुख्य घटक एकच, सोडियम क्लोराइड; आणि तो खाणीतून आला की खाडीतून, हे त्याच्या स्फटिकावरून ओळखता येत नाही.

आता रक्तदाबाच्या रुग्णास सैंधव निर्धोक मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिचा हिशेब मांडू. सोडियम क्लोराइडच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे 39 टक्के असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे सांगितले आहे. शुद्ध मिठाच्या 5 ग्रॅमांतून सुमारे 1970 मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. सैंधवात शेकडा दोन भाग अन्य द्रव्ये आहेत असे धरले, तर हाच आकडा 1930 च्या आसपास येतो. ही 40 मिलिग्रॅमांची तफावत रक्तदाबाच्या दृष्टीने नगण्य आहे. सैंधवाचे जाडेभरडे खडे चमच्यात विरळ बसतात, त्यामुळे चमचाभर सैंधव वजनाला कमी भरते आणि पदार्थ कमी खारट लागतो, हे खरे. पण तो गुण खड्याच्या आकाराचा आहे, आणि सैंधव बारीक कुटताच तो नाहीसा होतो.

खनिजांचे काय? सैंधवाचा गुलाबी रंग मुख्यत्वे लोहाच्या ऑक्साइडच्या अत्यल्प अंशामुळे येतो, आणि त्याच्या जोडीला जिप्सम, मॅग्नेशियमचे व पोटॅशियमचे क्षार आणि थोडी मातीही असते. ही माती पाण्यात सैंधव विरघळविले असता तळाशी बसलेली दिसते. ही खनिजे आहेत हे कबूल. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे. वरील 5 ग्रॅमांतील दोन टक्के म्हणजे 100 मिलिग्रॅम, आणि ते सर्वच्या सर्व जिप्सम आहे असे उदारपणे मानले, तरी त्यातून केवळ 23 मिलिग्रॅम कॅल्शियम लाभते. उपवासाला घेतलेल्या पेलाभर दुधात त्याच्या सुमारे दहापट कॅल्शियम असते.

साध्या मिठात ‘सायनाइड’ असते, ही भीतीही याच प्रकारातील. मीठ दमट हवेत गोळा होऊ नये म्हणून काही कारखान्यांत पोटॅशियम फेरोसायनाइड अत्यल्प मात्रेत मिसळतात. परंतु त्यातील सायनाइडचे अंश लोहाशी इतके घट्ट बांधलेले असतात की, या मात्रेत ते विषासारखे वागत नाहीत.

दोन्हींत खरा महत्त्वाचा भेद आहे तो आयोडीनचा, आणि तो मूळचा नसून माणसाने मुद्दाम निर्माण केलेला आहे, कारण मिठागराच्या मिठातही निसर्गतः आयोडीन जवळजवळ नसतेच. 1956 साली कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवून गलगंडाचा अभ्यास आरंभिला. आयोडीन मिळालेल्या भागांत तो रोग पुढील काही वर्षांत स्पष्टपणे ओसरला, आणि 1962 साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजच्या नियमानुसार ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर किलोस किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. अशा 5 ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅम मिळते, म्हणजे प्रौढाच्या 150 मायक्रोग्रॅमांच्या दैनिक गरजेचा निम्मा वाटा. सैंधवात आयोडीन वेगळे मिसळलेले नसेल, तर हा वाटा जवळजवळ शून्यावर येतो.

कंठातील ग्रंथी आयोडीनची काही आठवड्यांची बेगमी करून ठेवते, म्हणून निरोगी माणसाने एकादशीस किंवा नवरात्राचे नऊ दिवस सैंधव वापरल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते, उपवासाचे हे मीठ ‘अधिक शुद्ध’ म्हणून बारमाही स्वयंपाकात येते तेव्हा. विशेषतः ज्या घरात गर्भवती स्त्री आहे तेथे, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ आयोडीनवर अवलंबून असते आणि त्या काळात तिची गरज 250 मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. ज्यांना सैंधवाचीच रुची आहे, त्यांनी पुडक्यावरील मजकूर वाचून आयोडीनयुक्त सैंधव निवडावे, आणि ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे.